लहान पुडा की मोठा? भाव ग्रॅमचा काढून बघा

माझ्या माहेरी किराणा दुकान होतं, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. गिऱ्हाईक विचारायचं, "अण्णा, शेंगदाणे कसे दिले?" आणि माझे वडील जो आकडा सांगायचे तो किलोचा असायचा. मग कुणी पाव किलो घ्यायचं, कुणी दोन किलो, पण भाव सगळ्यांना माहीत. शेजारच्या दुकानात काय चाललंय याच्याशी ताडून बघायला त्यापलीकडे काही लागत नव्हतं. पुढे माल पुड्यांतून यायला लागला आणि हा भाव नजरेआड गेला. पुड्यावर ठळक छापलेली असते ती पुड्याची किंमत. आत किती ग्रॅम आहेत ते दुसरीकडे कुठेतरी बारीक अक्षरांत असतं, आणि या दोन आकड्यांचा मेळ आपणच घालायचा असतो.

बहुतेकजण तो घालत नाहीत, कारण एक समजूत पक्की आहे: मोठा पुडा स्वस्तच पडणार. बऱ्याचदा ते खरंही असतं. वेष्टन, वाहतूक, दुकानातली जागा हा खर्च मोठ्या पुड्यात जास्त ग्रॅमांवर विभागला जातो. पण हा नियम नव्हे. खाली सगळीकडे घेतलेल्या किमती उदाहरणापुरत्या आहेत, पण असे जोड कुठल्याही मोठ्या दुकानाच्या मांडणीवर सापडतात.

चहा पावडर घ्या. २५० ग्रॅमचा पुडा १४० रुपयांना, एक किलोचा ५८० रुपयांना, कंपनी तीच, चहाही तोच. चार लहान पुडे म्हणजे एक किलो, आणि १४० चोक ५६०. म्हणजे मोठा पुडा घेणारा वीस रुपये जास्त देतोय. इथे भागाकारसुद्धा लागला नाही. लहान पुडा मोठ्यात नेमका इतक्या पट बसत असेल तर किंमत तितक्या पट करायची आणि मोठ्याच्या किमतीशी लावून बघायची, एवढंच.

असं उलटं का होतं, याची कारणं साधी आहेत. लहान पुड्यांत चुरस जास्त असते. पाच, दहा, वीस रुपयांची नाणी-नोटा डोळ्यांसमोर ठेवून कंपन्या पुडे काढतात आणि त्या किमतीला जास्तीत जास्त माल दाखवायची त्यांच्यात चढाओढ लागते. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतात, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. उलट मोठा पुडा घेणारा "स्वस्तच असणार" असं धरून चालतो, त्यामुळे तिथे भाव थोडा वर ठेवला तरी खप फारसा हलत नाही. शिवाय एखाद्या महिन्यात सवलत फक्त मधल्या पुड्यावर असते आणि सगळा क्रमच बदलतो. म्हणून मागच्या महिन्याचा हिशेब या महिन्याला चालेलच असं नाही.

पट सरळ बसत नाही तिथे मला सगळ्यात उपयोगी वाटते ती वरच्या मालाची रीत. मधाची २०० ग्रॅमची बाटली ९० रुपयांना आणि ५०० ग्रॅमची २३५ रुपयांना आहे. लहान बाटली सोडून मोठी घेतली तर ३०० ग्रॅम जास्त मिळतात आणि १४५ रुपये जास्त द्यावे लागतात. आता विचारायचं, हे वरचे ३०० ग्रॅम लहान बाटलीच्या भावाने कितीला पडले असते? २०० ग्रॅमला ९०, म्हणजे १०० ला ४५, म्हणजे ३०० ला १३५. आपण देतोय १४५. तेव्हा मोठी बाटली दहा रुपयांनी महाग. वरचा माल लहानच्या भावापेक्षा स्वस्तात मिळत असेल तरच मोठी घ्यायची. अण्णा घाऊक बाजारातून माल आणताना असंच विचारायचे, "वरच्या दोन पोत्यांना काय भाव लावता?" पहिल्या पोत्यांचा भाव त्यांना माहीतच असायचा.

वजनं अडनिडी असतील तर शंभर ग्रॅमचा भाव काढावा. एका ग्रॅमचा भाव पैशांत येतो आणि मनात धरवत नाही. किलोचा भाव काढायचा तर मोठे गुणाकार येतात. शंभर ग्रॅम मधल्या मापाचं आहे. खाकऱ्याचा १८० ग्रॅमचा पुडा ५४ रुपयांना असेल तर शंभर ग्रॅम ३० रुपयांना पडले. शेजारी ४७५ ग्रॅमचा पुडा १५२ रुपयांना आहे. ४७५ ने भागत बसू नका. ३० च्या भावाने ५०० ग्रॅमचे १५० झाले असते, त्यातून २५ ग्रॅमचे साडेसात वजा केले की १४२.५०. पुड्यावर १५२ आहेत, म्हणजे मोठा पुडा साडेनऊ रुपयांनी महाग. भागाकार फक्त एकाच पुड्याचा करायचा, जो सोपा दिसेल त्याचा, आणि दुसऱ्यावर तोच भाव लावून बघायचा. फोनवर करायचं असेल तर किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार, म्हणजे किलोचा भाव समोर येतो.

ही अडनिडी वजनं हल्ली इतकी का दिसतात? पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, मीठ, आटा अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच बांधायचं बंधन होतं. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, ते बंधन निघालं आणि कंपन्यांना हव्या त्या वजनाचा पुडा बांधता येऊ लागला. त्या बदल्यात दुरुस्तीने एक गोष्ट सक्तीची केली: पुड्यावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापणं. अंमलबजावणी थोडी रेंगाळली, पण आता कमाल किंमत जिथे छापतात तिथेच आसपास 'यूएसपी' अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे ०.५६ प्रति ग्रॅम असा आकडा दिसतो.

हा आकडा कामाचा आहे आणि तो छापायला लावला हे फार चांगलं झालं. पण तो वाचताना दोन ठिकाणी फसगत होते, आणि याबद्दल कुणी फारसं सांगत नाही.

पहिली जागा एककाची. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर भाव ग्रॅमचा छापतात आणि एक किलोपेक्षा जास्त असेल तर किलोचा. बरोब्बर एक किलोचा पुडा असेल तर पुड्याची किंमत हाच किलोचा भाव, त्यामुळे तिथे वेगळा छापायची गरज नाही. म्हणजे अर्ध्या किलोच्या आणि दोन किलोच्या पुड्यांवरचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. एकावर ०.०६ आणि दुसऱ्यावर ६२ असं काहीतरी दिसतं. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणलं की किलोचा भाव मिळतो, असं आपण धरतो.

इथेच दुसरी फसगत. हा भाव दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. तेव्हा छापलेला ग्रॅमचा भाव खऱ्या भावापेक्षा किलोमागे पाच रुपयांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, आणि त्यात कुणाची लबाडी नसते, नियमाप्रमाणेच तो आकडा जवळच्या पैशाला नेलेला असतो. इलायची किंवा काजूसारख्या महाग मालाला पाच रुपयांनी काही बिघडत नाही. पण पोहे, मीठ, रवा, आटा यांच्या किलोच्या भावातच जिथे पाच-दहा रुपयांचा फरक असतो, तिथे हा आकडा निकाल उलटा लावू शकतो.

पोह्यांवर करून बघू. अर्ध्या किलोचा पुडा ३२ रुपयांना. खरा भाव ग्रॅमला ०.०६४, छापलेला ०.०६. दोन किलोचा पुडा १२४ रुपयांना, त्यावर छापलंय ६२ प्रति किलो. छापील आकडे धरले तर लहान पुडा किलोला ६० ने पडतो आणि मोठा ६२ ने, म्हणून आपण लहान उचलतो. प्रत्यक्षात लहान पुडा ६४ रुपये किलो आहे आणि मोठाच स्वस्त आहे. आणखी एक पुडा घ्या, ४०० ग्रॅमचा, २३ रुपयांना. त्याचा भाव ०.०५७५, छापील ०.०६. अर्ध्या किलोच्या पुड्यावरही ०.०६. दोन्ही सारखेच दिसतात, पण एक साडेसत्तावन्न रुपये किलो आहे आणि दुसरा ६४. साडेसहा रुपयांचा फरक दुसऱ्या दशांशाच्या पलीकडे दडून बसला. तेव्हा छापील भाव दहा पैशांच्या आत असेल तर मी तो वाचतच नाही. किंमत आणि निव्वळ वजन घेऊन स्वतः काढते.

आणि तो आकडा कमाल किरकोळ किमतीवरून काढलेला असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. दुकानदार मोठ्या पुड्यावर दहा टक्के सोडत असेल, तर पुड्यावरचा भाव जुनाच राहतो. हिशेब नेहमी बिलावर येणाऱ्या रकमेवरून करायचा. "एकावर एक" असेल तर दोन्ही पुड्यांचं वजन मिळवून त्याला एका पुड्याच्या किमतीने ताडायचं. फुकट मिळालेला पुडा लहान असेल तर त्याचं वजन वाचून घ्यायचं, कारण ते दुप्पट माल नसतं.

आता तेल. वजन-मापाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, आणि पैसेही इथेच जास्त जातात.

तेल लिटरने मोजतात तसं किलोनेही, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आमच्या दुकानात पंधरा किलोचा डबा यायचा आणि पंधरा लिटरचाही. बाहेरून दोन्ही सारखेच. गिऱ्हाईक "पंधराचा डबा" एवढंच म्हणायचं आणि अण्णा दर वेळी विचारायचे, "किलोचा की लिटरचा?" पंधरा लिटर तेलाचं वजन भरतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे दोन डब्यांत जवळजवळ एक किलो ३५० ग्रॅमचा फरक, एका छोट्या कुटुंबाचं दहा-पंधरा दिवसांचं तेल. आज लिटरचा डबा २,२५० रुपयांना असेल आणि किलोचा २,४३० रुपयांना, तर १८० रुपये वाचले म्हणून लिटरचा घेणारा चुकतो. लिटरचा डबा १६४.८४ रुपये किलोने पडला आणि किलोचा १६२ रुपये किलोने.

पिशव्यांचंही तेच. ठरावीक वजनाचं बंधन निघाल्यापासून ८५० ग्रॅम, ८७० ग्रॅम अशा तेलाच्या पिशव्या दिसतात. त्या लिटरच्या पिशवीशेजारी ठेवलेल्या असतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. लिटरची पिशवी १५५ रुपयांना, शेजारची ८५० ग्रॅमची १४८ रुपयांना. सात रुपयांनी स्वस्त दिसते. लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम, म्हणून १५५ भागिले ९१० गुणिले हजार, म्हणजे किलोला १७०.३३. दुसरीचा हिशेब १४८ भागिले ८५० गुणिले हजार, म्हणजे १७४.१२. स्वस्त दिसणारी पिशवी किलोमागे पावणेचार रुपयांनी महाग निघाली.

इथे लिटर नव्हे, ग्रॅमच धरावेत, यालाही कारण आहे. तेल तापलं की फुगतं. तेवढंच तेल उन्हाळ्यात जास्त जागा व्यापतं, थंडीत कमी, वजन मात्र तेच राहतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना सुमारे ८९३. काही कंपन्या पिशवीवर जास्त तापमानाचं लिटर छापत होत्या, म्हणजे तेवढं तेल कमी घालूनही लिटर म्हणता येत होतं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता लिटर आणि त्याबरोबर वजनही छापायला सांगितलं. म्हणून आता लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असं कंसात दिसतं. तुलना त्या कंसातल्या आकड्यांची करायची. तूप, मध, श्रीखंड या सगळ्यांना हेच लागू. विशेषतः मध पाण्यापेक्षा बराच जड असतो, त्यामुळे मिलिलिटरची बाटली आणि ग्रॅमची बाटली कधीच सरळ शेजारी ठेवू नका.

ग्रॅमचा भाव काढण्याआधी दोन्ही पुड्यांत एकच वस्तू आहे ना, हे बघून घ्यावं. विरघळणाऱ्या कॉफीत चिकोरी किती टक्के हे पुड्यावर लिहिलेलं असतं. चिकोरी स्वस्त, त्यामुळे तिचं प्रमाण जास्त असलेला पुडा ग्रॅमला स्वस्त दिसणारच. डब्यातल्या गुलाबजामचं वजन पाकासकट असतं. तिथे ग्रॅमपेक्षा नग मोजावेत.

आणि शेवटचा हिशेब घरात होतो. बाजारात स्वस्त ठरलेला मोठा पुडा पूर्ण वापरला जाईल का? पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, बेसनात अळ्या होतात, मसाल्याचा वास उडतो. टाकून दिलेल्या मालाचेही पैसे आपण दिलेलेच असतात, म्हणून ते उरलेल्या मालावर चढतात. किती माल फुकट गेला की मोठा पुडा तोट्यात जातो, हे आधीच काढता येतं.

बेसन घेऊ. अर्धा किलो ६० रुपये, म्हणजे १२० रुपये किलो. दोन किलोचा पुडा २१० रुपये, म्हणजे १०५ रुपये किलो. १२० रुपयांवर १५ रुपये वाचतात, म्हणजे साडेबारा टक्के. मोठ्या पुड्यातलं साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त बेसन टाकावं लागलं की फायदा संपला. दोन किलोचे साडेबारा टक्के म्हणजे पाव किलो. पडताळून बघा: पावणेदोन किलोच वापरलं तर २१० रुपये भागिले १.७५, बरोब्बर १२० रुपये किलो. म्हणजे मोठा पुडा जेवढ्या टक्क्यांनी स्वस्त, तेवढे टक्के वाया घालवायची मुभा. त्यापुढे लहान पुडाच स्वस्त.

आमच्या घरी महिन्याला साधारण पाऊण किलो बेसन लागतं. दोन किलोचा पुडा पावणेतीन महिने चालतो. दिवाळीच्या आधी मी तो बिनधास्त आणते, कारण लाडू, शेव यांत तो पंधरा दिवसांत संपतो. जूनमध्ये मात्र अर्धा किलोच आणते, भाव १२० पडला तरी. बेसनाच्या बरणीवर मी तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवते आणि संपल्यावर किती दिवस पुरलं ते तिच्यावरच टिपून ठेवते. दोन-तीन पुडे झाले की घरातला खप कळतो. मग दुकानात उभं राहिल्यावर मोठा पुडा किती दिवस पुरेल हे आठवायला लागत नाही.